किड्स प्रोफाइल असूनही भुताचा सिनेमा?

“सहा वर्षांच्या मुलीसाठी वेगळं किड्स प्रोफाइल केलंय. तरी तिने भुताचा सिनेमा पाहिला. आता ती एकटी झोपत नाही. मग या सेटिंग्जचा उपयोग काय?”

आईबाबा दोघेही भेटायला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी त्यांना आधी नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलची पाहिलेल्या सिनेमांची यादी उघडायला सांगितली. मुलीच्या यादीत फक्त कार्टून होती. भुताचा सिनेमा सापडला बाबांच्या यादीत, आणि त्या तारखेला बाबा घरी नव्हतेच.

उलगडा झाला. किड्स प्रोफाइलमधून बाहेर पडलं की सगळ्या प्रोफाइलची चित्रं समोर येतात, आणि बाबांच्या चित्राला कुलूप नव्हतं. मुलांचं प्रोफाइल फक्त स्वतःपुरतं गाळतं, शेजारचं बंद करत नाही. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

म्हणून आधी मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला Profile Lock लावायला सांगितलं. ब्राउझरमध्ये अकाउंट उघडून प्रोफाइल निवडायचं, खात्याचा पासवर्ड द्यायचा आणि चार आकडी पिन ठरवायचा. नवीन प्रोफाइल बनवतानाही पिन विचारला जावा, हा पर्याय मुख्य प्रोफाइलच्या Profile Lock मध्ये असतो. तोही सुरू करावा, नाहीतर मूल स्वतःसाठी बिनबंधनाचं प्रोफाइल तयार करू शकतं. टीव्हीवर रिमोटने पिन टाकताना कर्सर आकड्यावरून आकड्यावर सरकताना दिसतो आणि शेजारी बसलेलं मूल तो सहज पाठ करतं. तेव्हा मूल जवळ नसताना पिन टाका आणि अधूनमधून बदला.

यानंतर मुलीच्या प्रोफाइलची वयोमर्यादा तपासली. ती आधीच सर्वांत खालच्या पातळीवर होती. पण एक गोष्ट मी आवर्जून सांगते: वयाचं रेटिंग तुमच्या मुलाची भीती ओळखत नाही. लहानांच्या सिनेमातही आई हरवते, जंगलात आग लागते, आणि काही मुलांना तेच झोंबतं. असा सिनेमा Viewing Restrictions मध्ये नाव टाकून त्या प्रोफाइलपुरता बंद करता येतो. या मुलीसाठी अशी दोन नावं आईने घातली.

बदल झाल्यावर रिमोट घेऊन स्वतः तपासा. किड्स प्रोफाइलमध्ये तो सिनेमा शोधा, मग बाहेर पडून बाबांचं प्रोफाइल उघडून बघा. पिन मागितला नाही, तर ॲप एकदा बंद करून पुन्हा उघडा. आणि हे कुलूप एकाच सेवेपुरतं आहे. टीव्हीवर दुसरी ॲप्स असतील, तर त्यांची सेटिंग्ज वेगळी करावी लागतात.

मुलीला रागवू नका, असं मी बाबांना बजावलं. रागवलं तर पुढच्या वेळी ती पाहिलेलं लपवेल. “काय बघून भीती वाटली?” एवढंच त्यांनी विचारलं. तिने चित्र काढून दाखवलं: बंद दार आणि त्याच्या फटीतला हात. काही रात्री आई तिच्याजवळ झोपली आणि झोपण्याआधी दोघी मिळून खोलीचं दार उघडून, बंद करून बघत होत्या.