निकाल वाचला, पण केस जिंकलं कोण?

"सर, लॉचं पहिलं वर्ष आहे. निकाल वाचताना प्रत्येक पान पटतं आणि पुढचं पान नेमकं उलटं सांगतं. केस ब्रीफ म्हणजे निकालाचा सारांश एका पानाचा हवा, माझं सहा पानांचं झालंय. आणि खरं सांगू? शेवटी जिंकलं कोण, तेच मला कळलं नाही."

अमळनेरकडची ही मुलगी जळगावला माझ्याकडे आली, ती प्रिंटवर पिवळा हायलायटर मारून. जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळी. निकाल होता सर्वोच्च न्यायालयाचा, भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास, ए.आय.आर. १९६६ एस.सी. ५४३. भांडण सरकीच्या ढेपेचं. तिच्या घरी म्हशी आहेत आणि वडील ढेप फोनवरच मागवतात, त्यामुळे विषय ओळखीचा होता. अडचण निकालाच्या रचनेची होती.

आधी कोण कोण आहे ते समासात लिहायला लावलं. केडिया हे खामगावचे जिनिंग आणि तेलगिरणीवाले. ठरलेली ढेप दिली नाही म्हणून अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यावर तिथल्याच सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावला. म्हणजे मूळ वादी अहमदाबादचे. पण सर्वोच्च न्यायालयात अपील केलं केडियांनी, म्हणून शीर्षकात त्यांचं नाव पहिलं. तिने पहिलं नाव दिसताच त्यांना वादी धरलं होतं आणि पुढचं सगळं तिथूनच उलटं वाचलं गेलं.

दुसरा घोळ तथ्यांचा. वादी म्हणतात, प्रस्ताव खामगावहून आला आणि आम्ही अहमदाबादेत तो स्वीकारला. प्रतिवादी म्हणतात, प्रस्ताव तुमचा आणि स्वीकार आमचा, खामगावात. तिने दोन्ही 'तथ्ये' म्हणून एकाखाली एक उतरवली होती. पक्षकार सांगतात ते त्यांचं म्हणणं, कोर्टाने मान्य केलं ते तथ्य. इथे खालच्या कोर्टाने ठरवलं होतं की प्रस्ताव अहमदाबादहून ट्रंक कॉलवर गेला आणि स्वीकार खामगावहून बोलला गेला. माल आणि पैसे, दोन्ही खामगावलाच द्यायचे होते. ब्रीफमध्ये येतं ते एवढंच.

त्यातलंही काय ठेवायचं? मी विचारलं, "रक्कम ३१,१५० रुपयांऐवजी पन्नास हजार असती तर?" म्हणाली, "काही फरक नाही." "आणि फोनऐवजी पोस्टाने पत्र गेलं असतं तर?" ती थांबली, पान उलटून शोधलं आणि म्हणाली, "मग करार खामगावात झाला असता." जे बदललं की उत्तर बदलतं, ते तथ्य ठेवायचं. रक्कम गाळली.

मुद्दाही तिने 'करारभंग झाला का?' असा लिहिला होता. पण हे अपील त्यावर नव्हतंच. अहमदाबादच्या कोर्टाला दावा चालवायचा अधिकार आहे का, एवढ्याच प्राथमिक मुद्द्यावर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. तिने नव्याने लिहिलेलं असं:

तथ्ये: अहमदाबादच्या वादींनी फोनवरून ढेप खरेदीचा प्रस्ताव दिला, खामगावच्या प्रतिवादींनी फोनवरच तो स्वीकारला.

मुद्दा: फोनवर झालेला करार कुठे पूर्ण होतो, स्वीकार बोलला जातो तिथे की ऐकू येतो तिथे?

निर्णय: ऐकू येतो तिथे, म्हणजे अहमदाबादेत. तिथल्या कोर्टाला अधिकार आहे. अपील फेटाळलं.

कारणमीमांसा: स्वीकार प्रस्ताव देणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हा सर्वसाधारण नियम. पत्र आणि तार हे त्याला अपवाद. फोनवर दोघे एका अर्थाने समोरासमोरच असतात, म्हणून तो अपवाद इथे लागू नाही.

कारणमीमांसेत तिने आधी लॉर्ड डेनिंग यांचे उतारेच्या उतारे उतरवले होते. ते १९५५ च्या एन्टोरेस या इंग्लिश खटल्यातले. आपल्या कोर्टाने आधार म्हणून घेतलेले. ब्रीफमध्ये त्यांना एक ओळ पुरते.

आता 'पुढचं पान उलटं सांगतं' त्याबद्दल. न्या. शहा यांनी स्वतःचा आणि न्या. वांछू यांचा निकाल लिहिला. त्यानंतर छापलेलं न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं: करार कायद्याच्या कलम ४ ची भाषा पाहता, स्वीकाराचे शब्द बोलणाऱ्याच्या ताब्यातून सुटले की करार झाला, म्हणजे खामगावात. बहुमताचं म्हणणं, १८७२ चा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन असणंच शक्य नव्हतं. (मला स्वतःला हिदायतुल्लांचं वाचन कलमाच्या शब्दांशी जास्त प्रामाणिक वाटतं, पण कायदा दोघांच्या मताने ठरला.) ते मत तितक्याच ठामपणे लिहिलेलं आहे आणि शेवटी येतं, म्हणून तिला तोच निकाल वाटला. मत कोणाचं सुरू होतंय ते न्यायमूर्तींच्या नावावरून दिसतं. तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि ब्रीफमध्ये 'भिन्नमत' म्हणून पाचवी ओळ लिहायची.

नवं ब्रीफ अर्ध्या पानात बसलं. वर्गात तिच्या कॉलेजच्या सरांनी तिला विचारलं, "व्हॉट्सअॅपवर 'ओके' पाठवलं तर?" तिने सांगितलं की या निकालात फक्त फोनवरच्या बोलण्याचं उत्तर आहे, पुढचं यावरून ताणता येणार नाही.