दुबईच्या पावतीवरून पैसे पाठवण्याचा खरा खर्च कसा काढायचा?

*"भाऊ दुबईहून पैसे पाठवतो. पावतीवर फी २० दिरहम आहे, पण तो म्हणतो दरातही पैसे जातात. वहीत खर्च किती लिहू?"*

भाऊ बरोबर सांगतोय. आमचे यजमान शारजात आहेत, निपाणीच्या घरचा हिशेब माझ्याकडे असतो. मीही दोन वर्षं नुसती फीच लिहीत होते.

आमचीच एक पावती सांगते. पाठवलेले २००० दिरहम, फी २०, फीवर ५ टक्के व्हॅट म्हणजे १. खिशातून गेले २०२१. दराच्या जागी ०.०४४३४६ छापलं होतं. हा उलटा दर, म्हणजे एका रुपयाला किती दिरहम. १ ला त्यानं भागलं की २२.५५ रुपये येतात. दोन हजारांचे झाले ४५,१०० आणि पासबुकातही तेवढेच जमा होते.

आता त्या दिवशीचा बाजारातला दर हवा. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळे हे सोपं जातं. एफबीआयएल ही आपल्याकडची दर जाहीर करणारी संस्था कामाच्या दिवशी दुपारी डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते. त्या दिवशी तो ८३.५० होता, भागिले ३.६७२५ केलं की २२.७४. पैसे रविवारी पाठवले असतील तर शुक्रवारचा दर घ्या.

मग २०२१ गुणिले २२.७४ म्हणजे ४५,९५८. त्यातून घरी आलेले ४५,१०० वजा केले की ८५८ रुपये. वहीत हाच आकडा लिहा. त्यातले साधारण ४७८ फी-व्हॅटचे आणि ३८० दरात गेलेले, जे पावतीवर कुठंच खर्च म्हणून दिसत नाहीत.

गुणाकार करताना २००० नव्हे, २०२१ घ्यायचे. मी इथंच चुकायची आणि फी सुटून जायची.

एकदा यजमान "फी शून्य" अशी पाटी बघून दुसऱ्या काउंटरवर चौकशी करून आले. तिथला दर होता २२.२०. तेच २०२१ दिरहम तिथं दिले असते तर घरी ४४,८६६ आले असते, म्हणजे २३४ रुपये कमीच! पाटी मात्र केवढी मोठी, म्हणे.

भाऊ थोडे थोडे पाठवत असेल तर फीकडे बघा. तेच २१ दिरहम ५०० वर गेले की चार टक्क्यांच्या वर होतात, २००० वर एक टक्का.

पासबुकातली रक्कम पावतीपेक्षा कमी असेल, तर पैसे बहुधा डॉलरमध्ये बँकेकडे आले आणि रुपये इथं झाले. तेव्हा मधल्या बँकेची कपात आणि इथल्या बदलीवरचा जीएसटीही त्यात असू शकतो. हिशेबाची रीत तीच, फक्त शेवटचा आकडा पावतीवरून न घेता पासबुकातून घ्यायचा.