बेड, बिड आणि चार टक्के सूट

प्रश्न: इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण परदेशी माणूस फोनवर बोलायला लागला की काही कळत नाही. कान कसा तयार करायचा?

कुपवाड एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे फोन मी घेतो. आम्ही लाकूडकामाच्या मशिनचे बेड ओततो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी न्यूझीलंडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मला ऐकू आलं, 'द बिड इज टू हाय.' भाव जास्त वाटतोय म्हणून मी साहेबांना विचारून चार टक्के कमी करून मेल टाकला. त्याचं उत्तर आलं ते फोटोसकट. बेडची उंची ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर जास्त भरली होती! तो बिचारा 'बेड'च म्हणत होता. सूट मात्र त्याने ठेवून घेतली.

घरी हे सांगितलं तर पुण्यातला चुलतभाऊ म्हणाला, "मराठी मीडियम, दुसरं काय." ते अजून डोक्यात आहे.

मीडियमचा काय संबंध? न्यूझीलंडच्या बोलण्यात स्वरांची अख्खी रांगच सरकलेली असते. 'बेड' आपल्याला 'बिड'सारखं लागतं, 'बॅट' 'बेट'सारखं आणि 'फिश' चक्क 'फश'सारखं. एकेक शब्द पाठ करू नका, ही सरक ओळखा. ती बसली की न ऐकलेले शब्दही उलगडतात.

मी रोज तिथल्या व्हिडिओचा दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचो. आधी नुसता ऐकायचा, मग खाली इंग्रजी अक्षरं लावून, मग अक्षरं झाकून परत. अक्षरं इंग्रजीच हवीत. २००९ साली डच लोकांवर असा प्रयोग झाला होता. स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन बोलणं इंग्रजी अक्षरांसह बघितलेल्यांना पुढे त्याच माणसांची नवी वाक्यं जास्त कळली. डच भाषांतर वाचणाऱ्यांना नवी वाक्यं उलट जड गेली. साहजिक आहे, अर्थ आयता मिळाला की कान काम सोडतो.

माझी चूक म्हणजे महिनाभर एकाच बातमीदाराला ऐकलं. तो पाठ झाला, आणि गिऱ्हाइकाच्या गोदामातली बाई फोनवर आली की परत कोरी पाटी. मग त्याच देशातले पाच-सहा जण धरले: म्हातारा शेतकरी, कॉलेजची पोरगी, रग्बीचा समालोचक. तेव्हा कुठे नवा आवाजही कळायला लागला. एक देश पचल्यावरच दुसरा घ्या. ग्लासगोवाले तर 'वॉटर'मधला 'ट' घशातच अडवतात, त्यांना आधी हात लावू नका.

हां, लाइन खरखरत असेल तर तयार कानही फसतो. मापं आणि भाव मी आजही मेलवरच मागतो.

त्या चुलतभावाने मागच्या दिवाळीत ऑस्ट्रेलियाच्या क्लायंटचा फोन माझ्या हातात दिला. "तो 'टुडाय' म्हणतोय, मरणाचं काय बोलतोय रे?" म्हणाला. मी सांगितलं, 'टुडे' म्हणतोय, आजच पाठव. चुलतभाऊ कॉन्व्हेंटचा आहे.