डोक्यातून उगवलेला खांब

फोटो छान आलाय, पण आजोबांच्या टोपीतून विजेचा खांब उगवलाय. पुन्हा काढता येत असेल तर खांब न खोडता तूच पाऊलभर बाजूला सरक. खांब मागे दूरवर असल्याने तो डोक्यामागून लगेच सुटतो.

ते शक्य नसेल तर आधी टोपी आणि खांद्याच्या कडेने सिलेक्शन कर, म्हणजे ब्रश आत घुसणार नाही. मग नव्या लेयरवर क्लोन स्टँपने आकाश भर. नमुना त्याच उंचीवरून घे; आकाश खाली फिकट होत जातं, वरचा निळा तिथे डागासारखा दिसतो. खांद्यामागचा तुकडाही काढ. तारा असतील तर मात्र खांब नुसता पुसू नकोस, त्या अधांतरी लोंबतील. खांबाची पट्टी कॉपी करून तारांवरच बाजूला सरकव आणि मग डोक्यामागचा जुना खांब पुस.