आजीच्या वहीतली चकलीची भाजणी: शेर-छटाकांचा ग्रॅममध्ये तक्ता

प्रश्न: आजीच्या वहीतल्या पानाचा फोटो आहे. तांदूळ १॥ शेर, हरभरा डाळ ०॥। शेर, उडीद डाळ ०। शेर, मूग डाळ नवटाक, धने १ छटाक, जिरे २ तोळे, मोहन २॥ वाट्या, असं लिहिलंय. मला अर्धा किलो तांदळाची भाजणी करायची आहे. ग्रॅममध्ये तक्ता कसा करू?

उत्तर:

आधी त्या उभ्या रेघा नीट वाचून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जुन्या हिशेबात आकड्यापुढची एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून १॥ म्हणजे दीड, ०॥। म्हणजे पाऊण आणि ०। म्हणजे पाव. फोटोवरून मजकूर ओळखणारं ॲप याचे सर्रास एकाचे आकडे करतं आणि दीड शेराचे १११ शेर होतात. फोटो पुन्हा काढणार असाल तर वही खिडकीजवळ सपाट ठेवून बरोबर वरून काढा आणि मोठा करून प्रत्येक रेघ मोजा. मागच्या पानाची शाई उमटली असेल किंवा वाक्य संपवणारा दंड असेल, तर तीही रेघच दिसते. शंका आली की त्याच वहीतली दुसरी पानं बघा, लिहिणाऱ्याची सवय लगेच कळते.

मग सगळं एकाच मापात आणा. इथे तोळा सोयीचा, कारण एकही अपूर्णांक उरत नाही. शेर ८० तोळ्यांचा, नवटाक म्हणजे पावशेराचा अर्धा, म्हणजे १० तोळे, आणि छटाक ५ तोळ्यांचा. तांदूळ १२० तोळे झाले. ते तुम्हाला ५०० ग्रॅम हवेत, म्हणून प्रत्येक जिन्नसाच्या तोळ्यांना ५०० ने गुणून १२० ने भागायचं.

| जिन्नस | वहीत | तोळे | ग्रॅम |
|---|---|---|---|
| तांदूळ | १॥ शेर | १२० | ५०० |
| हरभरा डाळ | ०॥। शेर | ६० | २५० |
| उडीद डाळ | ०। शेर | २० | ८३ |
| मूग डाळ | नवटाक | १० | ४२ |
| धने | १ छटाक | ५ | २१ |
| जिरे | २ तोळे | २ | ८ |

तांदळाच्या निम्मी हरभरा डाळ आली, म्हणजे वाचन बरोबर आहे. चकलीच्या भाजणीत हे प्रमाण नेहमीचंच. ही वजनं धुण्या-भाजण्याआधीच्या कोरड्या धान्याची आहेत. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर तोळे B रकान्यात, तांदूळ दुसऱ्या ओळीत ठेवा आणि सूत्र असं द्या:

```
=B2*500/$B$2
```

अपूर्णांक थेट 3/4 असा टाइप केलात तर तिथे तारीख उमटते. `=3/4` किंवा 0.75 लिहा.

इथवर तोळा किती ग्रॅमचा हे लागलंच नाही, कारण सगळं एकाच घराण्यातलं होतं. ते लागतं मोहनाला, कारण वाटी हे आकारमान आहे आणि ती घरोघरी वेगळी. आजीची वाटी अजून असेल तर तीच घ्या. काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. समजा १६० भरले, तर अडीच वाट्या म्हणजे ४०० मिली तेल.

आता शेर कोणता? जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमलबजावणी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. त्यानंतरही लोक पावशेरच म्हणत राहिले, पण दुकानदार २५० ग्रॅम देऊ लागला. वही कधीची हे ठाऊक नसेल तर दोन्ही धरून पाहा. तुमच्या पानावर एकूण २१७ तोळे आहेत. जुन्या शेराने ते सुमारे २५३० ग्रॅम होतात, म्हणजे १०० ग्रॅम भाजणीला १६ मिली मोहन. किलोच्या शेराने सुमारे २७१२ ग्रॅम, म्हणजे १५ मिली. फरक एका मिलीचा. मी १५ धरेन, कारण मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते आणि मळलेल्या पिठातून ते काढता येत नाही. कमी पडलं तर पहिली चकली कडक येते, तेव्हा उरलेल्या पिठात चमचाभर गरम तेल घालून मळता येतं.

म्हणून मोहनाची ओळ तक्त्यात एकूण भाजणीपुढे लिहू नका, «१०० ग्रॅम पिठाला १५ मिली» अशी लिहा. भाजणी डब्यात राहते आणि चकल्या लागतील तशा होतात.

एक गोष्ट इतर पानांसाठी. तिथे शेराबरोबर चिपटं, मापटं किंवा पायली दिसली, तर तो मापी शेर, म्हणजे भरून मोजायचा. त्याला हे तोळे लावू नका. तिथे प्रत्येक धान्य तुमच्या वाटीने मोजून त्याचं वेगळं वजन करावं लागेल, कारण एकाच मापात मावलेले पोहे आणि तांदूळ सारख्या वजनाचे भरत नाहीत.