आयव्ही रँक 29 आणि आयव्ही पर्सेंटाईल 76 : ऑप्शन घ्यायचे की विकायचे?

प्रश्न : ॲपवर निफ्टीचा IV Rank 29 दिसतोय आणि IV Percentile 76. रँक बघितला तर प्रीमियम स्वस्त वाटतो म्हणजे बाय करावं, पर्सेंटाईल बघितला तर महाग म्हणजे सेल करावं. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

उत्तर :

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. गेल्या वर्षातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या आयव्हीच्या मध्ये आजची आयव्ही कुठे बसते, एवढंच रँक सांगतो. म्हणजे वर्षभराचे अडीचशे दिवस असले तरी त्याच्या हिशोबात दोनच दिवस येतात, एक तळाचा आणि एक शेंड्याचा. पर्सेंटाईल मात्र सगळे दिवस मोजतो, आजच्यापेक्षा कमी आयव्ही किती दिवस होती ते.

शीटमध्ये स्वतः करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे आणि ॲपवर विश्वास ठेवण्यापेक्षा बरं. A1 मध्ये आजची आयव्ही, खाली मागचे 252 दिवस:

```
Rank:       =(A1-MIN(A2:A253))/(MAX(A2:A253)-MIN(A2:A253))*100
Percentile: =COUNTIF(A2:A253,"<"&A1)/252*100
```

आता तुमचा 29 आणि 76 कसा येऊ शकतो ते बघा. 7 एप्रिल 2025 आठवतो का, ट्रम्पच्या टॅरिफमुळे जगभरचे बाजार आपटले होते, त्या एका दिवसात इंडिया व्हीआयएक्स साधारण 14 वरून 23 च्या जवळ गेला होता. समजा तुमच्या वर्षभराच्या खिडकीत असा एक 23 चा दिवस आहे, तळ 10 चा आहे आणि आज आयव्ही 13.8 आहे. रँक काढा, 3.8 भागिले 13, झाला 29. पण बाकीचे बहुतेक दिवस जर 11-12 मध्येच गेले असतील तर 252 पैकी 191 दिवस आजच्यापेक्षा स्वस्त होते, म्हणजे पर्सेंटाईल 76. एका वाईट सोमवारने रँकची पट्टी ताणून ठेवली आणि त्या पट्टीवर आजचा प्रीमियम खाली दिसतोय, इतकंच झालंय.

गंमत पुढेच आहे. वर्षभराने तो 23 चा दिवस खिडकीतून बाहेर पडतो. समजा त्यानंतरचा सगळ्यात मोठा आकडा 17 असेल तर त्याच 13.8 चा रँक एका रात्रीत 29 वरून 54 होतो. बाजारात काहीही झालेलं नाही, प्रीमियम तेवढाच आहे, फक्त एक जुनी तारीख गळून पडली. त्यामुळे नुसता रँक बघून 'आज अचानक आयव्ही वाढली' म्हणणारे लोक दिसले की मी आधी कॅलेंडर बघतो, वर्षापूर्वी याच सुमारास काय झालं होतं ते.

म्हणून स्वस्त-महाग ठरवायला मी पर्सेंटाईल धरतो आणि रँक दुसऱ्या कामाला वापरतो. पर्सेंटाईल जास्त आणि रँक कमी, याचा अर्थ प्रीमियम नेहमीपेक्षा महाग आहे पण वर जायला अजून भरपूर जागा आहे, याच वर्षात ती 23 ला जाऊन आलेली आहे. विकणाऱ्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे. तुम्ही 13.8 ला विकलंत आणि ती परत 23 ला गेली तर काय होईल, हा प्रश्न तुमचा 29 चा रँकच विचारतोय.

पण पर्सेंटाईल 76 आहे म्हणून लगेच विकायला बसू नका. दोन्ही आकडे आयव्हीची तुलना आयव्हीच्याच इतिहासाशी करतात, बाजार खरंच किती हलतोय हे दोघांनाही माहीत नसतं. विकणाऱ्याचा नफा कुठून येतो, तर प्रीमियममध्ये जेवढी हालचाल धरलीय त्यापेक्षा खरी हालचाल कमी झाली तर. 13.8 ला 16 ने भागा (वर्षाचे साधारण 252 दिवस, त्याचं वर्गमूळ जवळपास 16), आलं 0.86. म्हणजे बाजार रोज साधारण पाऊण ते एक टक्का हालचाल गृहीत धरतोय. आता मागच्या वीस दिवसांची खरी हालचाल काढा, B कॉलममध्ये रोजचा बदल, म्हणजे आजचा बंद भाव भागिले कालचा बंद भाव वजा 1, ठेवून:

```
=STDEV(B2:B21)*SQRT(252)*100
```

हे उत्तर 9-10 आलं तर 13.8 ला विकण्यात काहीतरी हाती आहे. 15 आलं तर पर्सेंटाईल 76 काय 96 असला तरी तुम्ही स्वस्तात विकताय. उलटही होतं, 2023 च्या दुसऱ्या सहामाहीत व्हीआयएक्स बराच काळ 10 ते 12 मध्ये पडून होता, बरेच जण 'इतकी स्वस्त आयव्ही परत मिळणार नाही' म्हणून दर आठवड्याला स्ट्रॅडल घेत बसले आणि बऱ्याच आठवड्यांत निफ्टी पुरेसा हललाच नाही. आयव्ही खाली आली की लगेच उसळी घेते असं काही नाही, ती खाली महिनोन्महिने लोळत पडू शकते.

विकण्याच्या बाजूचा माझाच एक किस्सा सांगतो म्हणजे रँक-पर्सेंटाईल कुठे तोकडे पडतात ते कळेल. 2024 ची लोकसभा. एप्रिलमध्ये व्हीआयएक्स दहाच्या आसपास होता, मे संपता संपता 24 च्या वर गेला. एक्झिट पोल आले, 3 जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन 23,264 ला बंद झाला, व्हीआयएक्स 21 पर्यंत उतरला. मला वाटलं झालं, क्रश सुरू झाला, रँक पर्सेंटाईल दोन्ही अजून वर आहेत, यापेक्षा चांगली संधी कधी. 22,000 चा त्याच आठवड्याचा पुट विकला, हेज न घेता, कारण हेजला पैसे गेले असते. किती प्रीमियम मिळाला ते सांगायची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी निकाल लागायला लागले आणि निफ्टी 21,281 पर्यंत गेला. बंद झाला तो 5.9 टक्के खाली, 21,884 ला. व्हीआयएक्स 21 म्हणजे रोजचे 1.3 टक्के, आणि पडला त्याच्या साडेचारपट. मार्जिन वाढलं, खात्यात पैसे नव्हते, दुपारी अगदी वाईट भावाला पोझिशन कापली. आणि 6 जूनला, म्हणजे एक्स्पायरीला, निफ्टी 22,821 ला बंद झाला. माझा 22,000 चा पुट शून्याला गेला असता! आयव्ही महाग आहे हा अंदाज शेवटी बरोबरच होता, व्हीआयएक्ससुद्धा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी 19 च्या खाली आला होता, पण तोपर्यंत मी खेळात नव्हतो. पाचशे पॉइंट खालचा 21,500 चा पुट घेतला असता तर जास्तीत जास्त तोटा आधीच माहीत असता, मार्जिनही त्याच हिशोबात राहिलं असतं आणि बहुतेक मी गुरुवारपर्यंत बसलो असतो.

यातून एक लक्षात घ्या, ठरलेल्या तारखेच्या घटनेआधी रँक 90 दिसला तर त्याचा अर्थ 'महाग' असा होत नाही. निवडणूक, बजेट, शेअरमध्ये तिमाही रिझल्ट, या सगळ्यांच्या आधी आयव्ही चढतेच, कारण उडी येणार हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे वर्षभराच्या इतिहासाशी तुलना करून उपयोग नाही. शेअरचा रिझल्ट असेल तर एटीएम स्ट्रॅडलचा भाव शेअरच्या भावाच्या किती टक्के आहे ते काढा आणि मागच्या सात-आठ रिझल्टला शेअर दुसऱ्या दिवशी किती टक्के हलला ते शेजारी लिहा. स्ट्रॅडल 4 टक्के मागतोय आणि शेअर दर वेळी 6 टक्के हलतोय, तर पर्सेंटाईल 99 असला तरी तो महाग नाही.

आता घेण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते पण आहे. दोन्ही आकडे खरंच तळाला असतील, समजा दहाच्या खाली, तेव्हा घेण्यात अर्थ आहे, पण लोक चुकीची एक्स्पायरी घेतात. ढोबळ हिशोब बघा. निफ्टी 25,000, आयव्ही 10, महिन्याभराचा एटीएम ऑप्शन साधारण 285 रुपयांना येतो आणि आयव्ही एक पॉइंट वाढली की तो 28 रुपयांनी वाढतो, रोजची झीज आहे पाचेक रुपये. सात दिवसांचा एटीएम 138 ला, आयव्हीच्या एका पॉइंटला मिळतात जेमतेम 14 आणि झीज रोजची दहा रुपये. म्हणजे महिन्याच्या ऑप्शनमध्ये आयव्हीचा एक पॉइंट तुमचे जवळपास सहा दिवस भरून काढतो, वीकलीत दीड दिवससुद्धा नाही. स्वस्त आयव्ही म्हणून वीकली घेतलात तर तुम्ही आयव्हीवर पैज लावलेलीच नाही, निफ्टी या आठवड्यात पळणार यावर लावलीय, आणि त्यासाठी आयव्ही रँक बघायची गरजच नव्हती.

आणखी एक बारीक गोष्ट, ॲप रँक कशावर काढतंय ते बघून घ्या. काही ठिकाणी इंडिया व्हीआयएक्स वापरतात, तो पुढच्या तीस दिवसांचा अंदाज असतो, आणि तुम्ही विकताय मंगळवारी संपणारा लांबचा पुट, ज्याची स्वतःची आयव्ही एटीएमपेक्षा कितीतरी वर असू शकते. काही ॲप वर्षाचा उच्चांक दिवसातल्या सर्वात वरच्या आकड्यावरून घेतात, काही बंद भावावरून. 4 जून 2024 ला दिवसात व्हीआयएक्स 31 च्या वर जाऊन आला आणि बंद झाला 27 च्या आत, म्हणजे त्या एकाच दिवसाने दोन ॲपवर दोन वेगळे रँक दिसले असतील. पर्सेंटाईलला याचा जवळपास काही फरक पडत नाही, हे मला तो आवडण्याचं अजून एक कारण.

तर तुमच्या 29 आणि 76 ला मी असतो तर घेतलं नसतं. आधी वीस दिवसांची खरी हालचाल काढली असती, ती आयव्हीपेक्षा तीनेक पॉइंट तरी कमी असेल आणि एक्स्पायरीच्या आत बजेट-बिजेट काही नसेल तर दोन्ही बाजूला हेज घेऊन आयर्न कॉन्डॉर विकला असता, नेहमीच्या निम्म्या साईजमध्ये. निम्म्या का, तर तो 23 चा दिवस अजून खिडकीत आहे म्हणून.