«सगळा डेटा काढला» असं लिहिण्याआधी

तू विचारलंस, ग्राहकाने «माझी सगळी माहिती काढून टाका» असं लिहिलं तर काय उत्तर द्यायचं. आधी एक सांगतो, «सगळं डिलीट केलं» हे वाक्य लिहू नकोस. मी सुरुवातीला एका बाईंना लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी त्याच बाईंना आमचा ऑफरचा मेल गेला, कारण मार्केटिंगवाल्यांनी जुनी एक्सेल यादी पुन्हा चढवली होती. त्यांचा पुढचा मेल कसा होता ते विचारू नकोस.

मेल नोंदणीकृत पत्त्यावरून आला असेल तर त्याच पत्त्यावर खात्रीची लिंक पाठव. ओळखपत्राची प्रत उगाच मागू नकोस. डेटा काढायला सांगणाऱ्याकडून आणखी डेटा कशाला गोळा करायचा?

मग नेमकं लिही: «तुमचं खातं, पत्ता आणि चॅटच्या नोंदी आम्ही काढल्या आहेत. बिलं मात्र करविषयक कायद्यामुळे अमुक तारखेपर्यंत ठेवावी लागतात. बॅकअपमधली प्रत अमुक दिवसांत आपोआप पुसली जाईल. पुन्हा मेल जाऊ नये म्हणून तुमचा ईमेल फक्त ‘संपर्क नको’ यादीत राहील.»

शेवटचं वाक्य वाचून ग्राहक चिडेल असं वाटतं, पण कारण सांगितलं की बहुतेकांना पटतं. ती यादी नसेल तर जुनी एक्सेल पुन्हा चढवताना अडवणार कोण? युरोपियन युनियनचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, लागू असेल तर उत्तराला साधारण एक महिना मिळतो. कुरिअर, मेल पाठवणारी सेवा अशा ज्यांना आपण हा डेटा दिला, त्यांना कळवायचंही त्यातच बसव.